मोबाइलवरील उत्पादन-छायाचित्रण आणि विक्री-लिस्टिंग

ऑनलाइन बाजारपेठांवर विकायच्या वस्तूचे फोटो मोबाइलने काढणे आणि त्या फोटोंसोबत शीर्षक, माप, साहित्य व वर्णन लिहून विक्रीचे पान तयार करणे या दुहेरी कामाला विक्रेत्यांच्या बोलीत ‘लिस्टिंग करणे’ म्हणतात. पान पाहणाऱ्यांपैकी किती जणांनी खरेदी केली, या प्रमाणाला ‘कन्व्हर्जन’ हा शब्द रूढ आहे. या कामाचे नियम वस्तूगणिक बदलतात. प्रस्तुत नोंदीत ठाण्यात घरगुती स्वरूपात चालणाऱ्या नथींच्या विक्रीचा आधार घेतला आहे, कारण नथ ही मोबाइलच्या कॅमेऱ्याला सर्वांत अडचणीत आणणाऱ्या वस्तूंपैकी एक आहे. ती लहान असते, चकाकते, तिचे मोती पांढरे असतात, आणि फोटोवरून तिचा आकार कळत नाही.

नौपाडा किंवा वर्तकनगरसारख्या वस्तीतील सदनिकेत प्रकाशाचा मुख्य स्रोत म्हणजे खिडकी, आणि खिडकीला बहुधा लोखंडी ग्रिल असते. मोती हा गोल आरसा असल्यामुळे ही ग्रिल प्रत्येक मोत्यात बारीक काळ्या जाळीसारखी उमटते. छोट्या पडद्यावर ती दिसत नाही, पण ग्राहकाने फोटो मोठा केला की मोत्यांना तडे गेल्याचा भास होतो. समोरच्या इमारतीची भिंत पिवळी किंवा गुलाबी रंगवलेली असेल, तर तिचा रंगही मोत्यांवर उतरतो. दोन्हींवर एकच उपाय चालतो: खिडकीच्या आतल्या बाजूला बटर पेपर किंवा पातळ पांढरे कापड ताणून लावावे. प्रकाश त्यातून पसरून येतो आणि मोत्यात ग्रिलऐवजी एक मऊ पांढरा चौकोन दिसतो. पावसाळ्यात ढगच हे काम बऱ्याच अंशी करतात, त्यामुळे श्रावणातील मंगळागौरीसाठीचे फोटो आषाढातील ढगाळ दुपारी काढणे सोयीचे जाते.

खिडकीच्या प्रकाशात काम करताना घरातील दिवे बंद ठेवणे आवश्यक आहे. दिवसाचा प्रकाश आणि घरातील दिवा यांचे रंग सहसा सारखे नसतात. कॅमेरा त्यांपैकी एकाला पांढरे मानतो आणि दुसऱ्याने उजळलेली बाजू निळसर किंवा पिवळसर पडते. अशी दुरंगी छटा नंतर दुरुस्त करणे जवळपास अशक्य असते, कारण एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. काही स्वस्त एलईडी दिव्यांमुळे आणखी एक दोष येतो. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फोटोत आडवे फिकट-गडद पट्टे पडतात. मोबाइलच्या पडद्यावर पट्टे सरकताना दिसले, तर दिवा बदलणे हा सोपा उपाय समजावा.

नथ टेबलावर पसरलेल्या पांढऱ्या जाड कागदावर ठेवतात. कागदाची मागची कड भिंतीला वळवून टेकवली की पार्श्वभूमीत घडीची रेघ येत नाही. खिडकीच्या विरुद्ध बाजूस थर्माकोलचा तुकडा उभा केला की सावली हलकी होते. सोनेरी मुलाम्याच्या पितळी तारेत आजूबाजूचे सगळे दिसते. त्यात सर्वांत गडद वस्तू म्हणजे फोन आणि तो धरलेला हात, म्हणून थर्माकोलच्या दुसऱ्या तुकड्याला लेन्सएवढे भोक पाडून त्यातूनच फोटो काढण्याची रीत आहे. मात्र येथे धातूची आणि मोत्यांची गरज एकमेकींच्या विरुद्ध जाते. चहूकडे पांढरेच असेल, तर धातू स्वच्छ दिसतो, पण पांढऱ्या मोत्याची कड पांढऱ्या कागदात विरघळून जाते. यावर तोडगा म्हणून चौकटीच्या जेमतेम बाहेर, डाव्या-उजव्या बाजूंना काळ्या कार्डपेपरच्या दोन-तीन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या उभ्या करतात. त्यांचे प्रतिबिंब मोत्याच्या कडेवर एका बारीक राखाडी रेषेच्या रूपात येते आणि मोती पुन्हा गोल दिसू लागतो. पट्टी रुंद झाली तर मोती मळकट दिसतो, म्हणून ती थोडी थोडी सरकवत पडद्यावर पाहत राहावे लागते.

फोन जितका जवळ, तितका पुढचा मोती मोठा आणि मागची तार बारीक दिसते. हा दोष लेन्सचा नसून अंतराचा आहे. त्यामुळे १० सेंटिमीटरवरून फोटो काढण्याऐवजी फोन ३० ते ४० सेंटिमीटर मागे घ्यावा आणि `2x` वापरावे. शक्य असेल, तर फोन ट्रायपॉडवर, नाहीतर पुस्तकांच्या चळतीवर स्थिर ठेवावा. फार जवळ गेल्यास अनेक फोन आपोआप रुंद लेन्सकडे वळतात आणि चित्र एकदम हलल्यासारखे वाटते. तो बदल लक्षात यायला हवा. नथीवर बोट दाबून धरले की फोकस व उजळपणा स्थिर होतो (आयफोनवर त्या वेळी `AE/AF LOCK` असे दिसते). नंतर सूर्याचे चिन्ह वर सरकवून चित्र थोडे उजळ करावे लागते, कारण चौकटीत बहुतांश पांढरे असेल तर कॅमेरा त्याला करडे करून टाकतो. हा करडेपणा फोनच्या गॅलरीत जाणवत नाही. तो ॲपच्या पांढऱ्या पानावर, फोटोभोवतीच्या फिकट राखाडी चौकोनाच्या रूपात उघडा पडतो. पोर्ट्रेट मोड मात्र नथीसाठी वापरू नये. कृत्रिम धूसरपणा घालताना फोन नाकात अडकवायची बारीक तार पार्श्वभूमी समजून पुसतो. पार्श्वभूमी काढून टाकणारी ॲप्सही हीच चूक करतात, आणि तार नसलेली नथ पाहून ग्राहक ती दाबाची, म्हणजे नाक न टोचता घालायची आहे असे समजतो.

ॲमेझॉनच्या नियमांनुसार मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी असावी लागते, वस्तूने चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग व्यापावा लागतो, त्यावर मजकूर वा जलचिन्ह चालत नाही, आणि चित्र मोठे करून पाहता यावे यासाठी लांब बाजू किमान १,००० पिक्सेलची हवी. ओळखीच्या छायाचित्रकाराकडून फोटो व्हॉट्सॲपवर मागवल्यास ते लहान होऊन येतात. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावेत. यांपैकी ८५ टक्क्यांची अट नथीच्या विक्रीत घोटाळा करते. २६ मिलिमीटरची नथ आणि ४५ मिलिमीटरची नथ दोन्ही पडद्यावर सारख्याच भरतात. ग्राहकाच्या मनात लग्नातल्या फोटोतली मोठी नथ असते, आणि हातात येते ती रोज घालायची छोटी. परत आलेल्या मालाचे कारण ‘अपेक्षेप्रमाणे नाही’ असे नोंदले जाते. त्यात मालाचा दोष नसतो. दोष असतो फोटोतून आकार नाहीसा झाल्याचा.

म्हणून मुख्य फोटोने गमावलेला आकार पुढच्या फोटोंनी आणि मजकुराने परत आणावा लागतो. दुसरा फोटो घातलेल्या नथीचा असावा, आणि त्यात केवळ नाक नव्हे तर ओठांपासून भुवयांपर्यंतचा चेहरा यावा, कारण प्रमाण चेहऱ्यामुळेच कळते. तिसऱ्या फोटोत नथ मिलिमीटरच्या पट्टीशेजारी ठेवावी. पट्टी नथीच्या पातळीतच हवी, खाली असल्यास माप चुकीचे वाटते. नाण्याशेजारी ठेवण्याची जुनी सवय आता तितकीशी उपयोगी नाही, कारण एकाच मूल्याची नाणी वेगवेगळ्या आकारांत चलनात आहेत. चौथा फोटो मागच्या बाजूचा, म्हणजे तार किंवा चाप स्पष्ट दिसणारा असावा.

मजकुरातही हाच प्रश्न प्रथम सोडवावा लागतो. ‘सुंदर पारंपरिक स्टायलिश मराठी नथ, लग्न व सणांसाठी’ या शीर्षकात नथ निवडणाऱ्या बाईला हवी असलेली एकही गोष्ट नाही. तिचा पहिला प्रश्न असतो की नाक टोचलेले नसले तरी चालेल का. दुसरा आकाराचा. त्यामुळे ‘मराठी नथ, दाबाची, नाक टोचण्याची गरज नाही, मोती व राणी रंगाचा खडा, उंची २६ मिमी’ हे शीर्षक कोरडे वाटले तरी कामाचे आहे. मोबाइलवरील शोधयादीत शीर्षकाचा सुरुवातीचा भागच दिसत असल्याने ‘दाबाची’ हा शब्द शेवटी ढकलता येत नाही. शोधणाऱ्यांपैकी बरेच जण `nath`, `clip on nath` असे रोमन अक्षरांत टंकतात, म्हणून शोधशब्दांच्या रकान्यात हे शब्द हवेत. त्या रकान्याची मर्यादा बाइटमध्ये मोजली जात असल्यास देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि जागा लवकर संपते. शीर्षकात आलेला शब्द तेथे पुन्हा लिहिण्याची गरज नसते.

वर्णनात धातू स्पष्ट लिहावा: ‘पितळ, सोनेरी मुलामा’. नुसता ‘गोल्ड’ शब्द क्लिक मिळवून देतो आणि तक्रारीही. मोती खरा नसल्यास ‘कृत्रिम मोती’ म्हणावे. वजन ग्रॅममध्ये द्यावे, कारण दाबाची नथ जड असल्यास घसरते. उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार यांचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, नग आणि मूळ देश ही माहिती पॅकबंद मालाबाबत ऑनलाइन पानावर देणे वैधमापनशास्त्र नियमांनी आवश्यक केले आहे.

लिस्टिंग कुठे अडते हे आकड्यांवरून कळते, पण ते क्रमाने वाचावे लागतात. समजा, एका आठवड्यात नथ शोधयादीत ५,००० वेळा दिसली, ४० जणांनी पान उघडले आणि दोघींनी खरेदी केली. येथे कन्व्हर्जन पाच टक्के आहे, म्हणजे पान ठीक आहे. दोष मुख्य फोटो, किंमत किंवा शीर्षकाच्या सुरुवातीत आहे. याउलट ४०० जणांनी उघडून दोघींनीच घेतली, तर फोटो बोलावतो पण पान उत्तर देत नाही. आणि वीस जणींनी घेऊन सात नथी परत आल्या, तर विक्रीचा आकडा कितीही चांगला दिसला तरी माप, धातू किंवा रंग यांपैकी काहीतरी पानावर खोटे दिसते आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेआधीच्या आठवड्यात मागणी आपोआप वाढते, म्हणून त्या दिवसांत केलेल्या बदलाचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

राणी रंगाचा खडा हा यातला शेवटचा अवघड भाग. मोबाइल लाल-गुलाबी रंग भडक करतो आणि खड्याचे पैलू एका सपाट डागात बुजतात. अशा वेळी उजळपणा किंचित कमी करून दुसरा फोटो घ्यावा, आणि फोन खड्याशेजारी धरून खिडकीपाशीच दोन्हींची तुलना करावी. कारागिराने पुढच्या खेपेला थोड्या वेगळ्या छटेचे खडे वापरले, की जुना फोटो त्या दिवसापासून चुकीचा ठरतो, आणि नव्या मालाची पहिली नथ पुन्हा बटर पेपरसमोर ठेवावी लागते.