मिरचीवरचा कोळी आणि प्रोटॉनचा दाब

भोकरदन-सिल्लोड भागात मिरचीवर कोळी पडला, की पानांच्या कडा खाली वळतात, शेंडा खुंटतो आणि शेतकरी कृषी सेवा केंद्र गाठतो. तिथल्या फळीवर बहुधा डायफेंथियुरॉनची पुडी आणि क्लोरफेनापायरची बाटली जवळजवळच ठेवलेली असते. कीटकनाशकं म्हटली की ती मज्जासंस्थेवर घाव घालत असणार असं आपण धरून चालतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते खरंही आहे. ही दोन मात्र कोळ्याचं एटीपी तोडतात. पेशीतल्या जवळजवळ प्रत्येक कामाची मजुरी एटीपीत चुकती होते, त्यामुळे ते थांबलं की पुढचं सगळं आपोआप थांबतं. गंमत अशी, की दोघांची मारायची जागा वेगळी आहे. एटीपी बनतं कसं, हे या दोन जागांवरून फार चांगलं समजतं.

एटीपीचा मोठा वाटा तयार होतो पेशीतल्या तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकाँड्रियात. तिला दोन आवरणं असतात. आपल्याला आतल्याशी काम आहे. या आवरणात प्रथिनांची एक साखळी रोवलेली असते. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन या साखळीतून हातोहात पुढे जातात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळतात. आपण श्वासात घेतलेल्या ऑक्सिजनचं पाणी होतं ते इथेच. या प्रवासात सुटलेल्या ऊर्जेवर साखळी आतले प्रोटॉन बाहेर ढकलते. साखळीच्या सुरुवातीपासून निघालेल्या इलेक्ट्रॉनच्या एका जोडीमागे असे सुमारे 10 प्रोटॉन बाहेर जातात. आवरण चरबीचं असल्यामुळे त्यांना सहजासहजी परत येता येत नाही. बाहेर धन भार साचतो, थोडी आम्लताही वाढते, आणि आत यायला धडपडणाऱ्या प्रोटॉनांचा दाब तयार होतो.

अन्नाची ऊर्जा एटीपीत जाण्याआधी या दाबाच्या रूपात साठते, ही कल्पना पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1961 साली मांडली. तेव्हा बाकीचे जीवरसायनतज्ज्ञ वेगळ्याच शोधात होते. साखळी आणि एटीपी यांच्यामध्ये ऊर्जा वाहून नेणारं एखादं रसायन असलं पाहिजे, असं त्यांना वाटे. वर्षानुवर्षं शोधूनही ते सापडेना. एक गोष्ट तर सतत खटकत होती: आतलं आवरण फाटलं की साखळी चालू राहायची, ऑक्सिजन खर्च व्हायचा, पण एटीपी बनायचं नाही. मधला दुवा रसायनच असता, तर आवरण अखंड असण्याची एवढी गरज का पडावी? दाब टिकायला मात्र आवरण अखंडच लागतं.

मिचेलनं विद्यापीठ सोडून कॉर्नवॉलमधला एक पडका वाडा दुरुस्त केला आणि जेनिफर मॉयल या सहकारी शास्त्रज्ञाबरोबर तिथेच प्रयोगशाळा चालवली. बरीच वर्षं त्याचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 1966 मध्ये अमेरिकेत आंद्रे यागेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी पालकाच्या पानांतली हरितलवकं आधी आम्लात भिजवली आणि मग अंधारात एकदम अल्कधर्मी द्रावणात टाकली. प्रकाश नाही, इलेक्ट्रॉनचा प्रवास नाही, फक्त आतबाहेरच्या आम्लतेतला फरक. तरीही एटीपी तयार झालं. हरितलवकातली रचना उलटी असते, तिथे प्रोटॉन आत साचतात, पण तत्त्व एकच. मिचेलला 1978 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हा दाब किती असतो? आवरणाच्या दोन बाजूंमध्ये साधारण 0.17 व्होल्टचा फरक असतो, आणि आम्लतेतल्या फरकाची त्यात भर पडून तो 0.2 व्होल्टच्या आसपास जातो. आकडा किरकोळ दिसतो. टॉर्चचा सेलही दीड व्होल्टचा असतो. पण आवरणाची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी आहे. त्या हिशेबानं हे क्षेत्र मीटरला तीनेक कोटी व्होल्ट भरतं. हवेत ठिणगी पडायला याचा दहावा हिस्साही पुरतो.

आता जमाखर्च मांडू. एवढ्या दाबाखाली प्रोटॉन आत आले की मोलमागे 19 किलोज्यूल मिळतात. पेशीतल्या परिस्थितीत एटीपी बनवायला मोलमागे साधारण 50 किलोज्यूल लागतात. म्हणजे एका एटीपीला दोन प्रोटॉन पुरणार नाहीत, अडीचाहून थोडे जास्त लागतील. गाईच्या तंतुकणिकेतलं यंत्र उलगडून पाहिलं तेव्हा ते 8 प्रोटॉनांत 3 एटीपी बनवतं असं दिसलं, म्हणजे एटीपीमागे 2.67 प्रोटॉन. हिशेब जेमतेम जुळतो, पण जुळतो. मधे खरंच एखादं रसायन असतं, तर त्याचा एक रेणू एका एटीपीला, असा पूर्णांकातला व्यवहार दिसला असता. दाबाला अपूर्णांकाचं वावडं नाही.

ते यंत्र म्हणजे एटीपी सिंथेस. त्याचा एक भाग आवरणात रुतलेला असतो, दुसरा आतल्या बाजूला लोंबतो. आवरणातल्या भागात सारख्या प्रथिनांचं एक कडं असतं, गाईत आठ प्रथिनांचं, आणि प्रत्येकावर एक आम्ल गट. बाहेरचा प्रोटॉन अर्ध्या वाटेपर्यंतच जाणाऱ्या एका मार्गानं येतो आणि या आम्ल गटावर बसतो. त्यामुळे त्या गटाचा ऋण भार मिटतो आणि त्याला चरबीत शिरता येतं, म्हणून कडं एक घर पुढे सरकतं. जवळजवळ पूर्ण फेरी मारल्यावर तोच प्रोटॉन आत उघडणाऱ्या दुसऱ्या अर्ध्या मार्गापाशी पोहोचतो आणि तंतुकणिकेच्या पोटात उतरतो. एकामागून एक प्रोटॉन असे चढत-उतरत राहतात आणि कडं सेकंदाला शंभराच्या घरात फेऱ्या घेतं.

कड्याला एक वाकडा दांडा जोडलेला असतो. तो लोंबणाऱ्या भागाच्या मधोमध फिरतो आणि त्या भागातल्या तीन जागांना आळीपाळीनं ढोसतो. एक जागा एडीपी आणि फॉस्फेट सैलसर धरते, दुसरी त्यांना घट्ट आवळते, तिसरी उघडून तयार एटीपी सोडते. प्रत्येक तिसऱ्या हिश्शाच्या फेरीला भूमिका बदलतात. पॉल बॉयर यांनी दाखवलेली यातली खुबी मला सगळ्यात आवडते. घट्ट जागेत एडीपी आणि फॉस्फेट जवळपास फुकटात जुळतात; दाबातली ऊर्जा मुख्यतः तयार झालेला एटीपी त्या जागेतून सोडवायला खर्च होते. बॉयर आणि या यंत्राची रचना उलगडणारे जॉन वॉकर यांना 1997 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

आता फळीकडे वळू. डायफेंथियुरॉन स्वतः हे यंत्र अडवत नाही. उन्हात किंवा कोळ्याच्या शरीरात त्याचं कार्बोडायइमाइड होतं, आणि ते कड्यावरच्या त्याच आम्ल गटाला कायमचं चिकटतं. प्रोटॉनची जागा गेली. आठही जागा भरायची गरज नसते. अशाच एका रसायनावरच्या प्रयोगांत एक जागा अडली तरी सगळं कडं अडतं असं दिसलं आहे.

क्लोरफेनापायरही शरीरात गेल्यावरच रूप बदलतं, पण ते यंत्राला हात लावत नाही. त्यातून तयार होणारा पदार्थ चरबीत विरघळणारं सौम्य आम्ल असतो. तो बाहेरून प्रोटॉन घेतो, आवरणातून सरळ आत येतो, प्रोटॉन सोडतो आणि पुढच्यासाठी परत बाहेर जातो. एकच रेणू अशा कितीतरी खेपा करतो. यंत्र शाबूत, साखळी शाबूत, पण दाब नाही.

दोन्हीतला फरक प्रयोगशाळेत ऑक्सिजन मोजून दाखवता येतो. बंद भांड्यात तंतुकणिका, अन्न आणि एडीपी घातलं की ऑक्सिजन भराभर कमी होऊ लागतो. त्यात कार्बोडायइमाइड टाकलं की वेग एकदम मंदावतो. वास्तविक साखळीला काहीच झालेलं नसतं. यंत्र अडल्यानं दाब तुंबतो आणि त्याच्याविरुद्ध आणखी प्रोटॉन बाहेर ढकलणं तिला जड जातं. मग त्याच भांड्यात दाब गळवणारं रसायन टाकायचं. ऑक्सिजन पुन्हा झपाट्यानं, पहिल्याहूनही वेगानं खर्च होऊ लागतो, पण एटीपी काही बनत नाही. सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. साखळी आणि यंत्र यांच्यात दाबाखेरीज दुसरा दुवा नाही, हे यावरून लख्ख कळतं.

ही उष्णता माणसालाही चुकत नाही, कारण आपल्या तंतुकणिकाही याच धर्तीच्या आहेत. अमेरिकेत 1930 च्या दशकात डायनायट्रोफेनॉल हे दाब गळवणारं रसायन वजन कमी करायचं औषध म्हणून विकलं गेलं. वजन खरंच उतरायचं. काही जण मात्र अंग भाजून निघेल अशा तापानं दगावले. क्लोरफेनापायरच्या विषबाधेतही दरदरून घाम आणि ताप दिसतो. रुग्ण सुरुवातीला बरा वाटून काही दिवसांनी एकाएकी कोसळल्याची उदाहरणं आहेत. हा ताप मेंदूनं चढवलेला नसतो, म्हणून नेहमीच्या तापाच्या गोळ्यांनी तो उतरत नाही. उतारा असं औषध नाही. अंग बाहेरून गार करणं आणि रुग्णाला दवाखान्यात नजरेखाली ठेवणं एवढंच हाती राहतं. फवारणीनंतर असा ताप आला तर डॉक्टरांना बाटली दाखवायची ती याच्यासाठी.

दाब गेल्यावर यंत्र नुसतं थांबत नाही, हे आणखी वाईट. पैठणला जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी 12 मेगावॅटचा जो वीजसंच आहे, तो दोन्हीकडे फिरेल असा बांधलेला आहे: पाणी उतरताना वीज देणारा, वीज दिली तर पाणी वर चढवणारा. एटीपी सिंथेसही तसंच. 1997 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याचा दांडा सूक्ष्मदर्शकाखाली फिरताना पाहिला, तो एटीपी खाऊन उलट दिशेनंच फिरत होता. 2004 मध्ये चुंबकानं तो सुलट फिरवल्यावर एटीपी तयार झालं. पेशीतला दाब कोसळला की हे यंत्र उलटं फिरून, इतर मार्गांनी बनलेलं थोडंफार एटीपीही जाळून प्रोटॉन बाहेर ढकलू लागतं. ऑक्सिजन तुटल्यावर आपल्या हृदयाच्या पेशीतही हेच घडतं. तिथे एक छोटं प्रथिन यंत्राला अडकून ही उधळपट्टी बऱ्याच अंशी रोखतं.

एकाच पंपात दोन्ही औषधं ओतली की दुप्पट काम होईल, असं वाटणं साहजिक आहे. तंतुकणिकेच्या पातळीवर तरी हा हिशेब चुकतो. दाब गळत असताना उलटं फिरून एटीपी जाळणारं यंत्र कार्बोडायइमाइडनं जाम झालं, तर कोळ्याचं उरलंसुरलं एटीपी उलट वाचतं.