संकष्टीचा उपवास आणि शुगरची गोळी

संकष्टी चंद्रोदयाला सुटते आणि वद्य चतुर्थीचा चंद्र आपल्याकडे साधारण रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान उगवतो. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्यासाठी या उपवासातला नाजूक काळ दुपारचा फराळ जिरल्यावर सुरू होतो आणि चंद्र दिसेपर्यंत टिकतो. शुगर घसरते ती बहुधा याच वेळेत. घरात मात्र तेव्हा मोदकांची गडबड असते आणि कोणी घामाघूम झालं, तर ‘पित्त झालं असेल, पोटात काही नाही ना’ असं म्हणून विषय संपतो.

पोट रिकामं राहिलं म्हणून निरोगी माणसाची शुगर सहसा धोकादायक पातळीला जात नाही. रक्तातली साखर ८०च्या आसपास आली की स्वादुपिंड इन्शुलिन सोडणं कमी करतं आणि यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडू लागतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या नेमकी हीच सोय बिघडवतात. सल्फोनिलयुरिया गटातली ही औषधं स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडतात, मग रक्तात साखर असो वा नसो. रक्तात इन्शुलिन असेपर्यंत यकृतही हात आखडता घेतं. ग्लिमेपिराइडचा असर जवळपास दिवसभर राहतो. मेटफॉर्मिनचं तसं नाही. ते इन्शुलिन वाढवत नाही, त्यामुळे एकट्या मेटफॉर्मिनने शुगर धोक्याइतकी उतरणं विरळ. सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन या गोळ्याही साखर वाढलेली असेल तेव्हाच जोर दाखवतात. म्हणून उपवासाचा विचार करताना पहिला प्रश्न हाच, की माझ्या गोळीत सल्फोनिलयुरिया आहे का? पाकिटावर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात घटक छापलेले असतात, तिथे ते कळतं.

एक उदाहरण घेऊ. साठीच्या एक आजी आहेत. त्यांना ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम एकत्र असलेली गोळी सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी अशी चालू आहे. संकष्टीला त्यांनी सवयीप्रमाणे सकाळी आठला गोळी घेतली, वर बिनसाखरेचा चहा. एक वाजता वाटीभर साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यामुळे अडीच वाजता तपासलं तर मीटरवर २१० दिसले. ‘उपवासाला उलट वाढतेच की’ म्हणून सगळे निश्चिंत झाले. साडेसहाला आजींना दरदरून घाम आला, हात थरथरू लागले, त्या उगाच सुनेवर चिडल्या. आता मीटर ५६ दाखवतंय आणि चंद्रोदयाला अजून तीन तास आहेत.

सत्तरच्या खाली आलेली शुगर ही कमी शुगर. तिथे शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडून इशारा देतं: घाम, थरथर, धडधड, अचानक कडाडून भूक. पन्नाशीच्या आसपास मेंदूलाच साखर अपुरी पडू लागते. मग चिडचिड, गोंधळ, बोलताना अडखळणं, डोळ्यांपुढे धूसर दिसणं सुरू होतं. या टप्प्यावर रुग्णाला स्वतःला काही बिघडलंय हे कळेलच असं नाही, म्हणून घरच्यांनी ओळखायला हवं. ब्लडप्रेशरसाठी मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल, तर धडधड आणि थरथर दबून जाते. घाम मात्र तेव्हाही येतो. उपवासाच्या संध्याकाळी गार, चिकट घाम आला की पित्ताचा निष्कर्ष काढण्याआधी बोटाला सुई टोचावी. मीटर जवळ नसेल, तर कमी शुगर धरूनच पुढे जावं.

पुढे जावं म्हणजे लगेच १५ ग्रॅम साखर पोटात घालायची. तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, सत्तरच्या वर नसेल तर तेवढंच पुन्हा. प्रसादाचा पेढा किंवा शेंगदाण्याचा लाडू इथे उपयोगाचा नाही, कारण त्यांतली स्निग्धता साखर रक्तात पोचायला उशीर लावते. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्यांना तर साधी साखरही लवकर उपयोगी पडत नाही. ही औषधं आतड्यात साखरेचं विघटनच रोखून धरतात. अशा घरात ग्लुकोज पावडरच हवी, आणि ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज अशा तिहेरी गोळ्या आपल्याकडे सर्रास लिहिल्या जातात. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही ओतू नये, कुशीवर वळवून १०८ला फोन करावा.

शुगर ९०वर आली म्हणून पुन्हा चंद्रोदयाची वाट बघत बसणं चुकीचं आहे. गोळीचा असर संपलेला नसतो, शुगर परत घसरते. त्या दिवशीचा उपवास तिथेच सोडून जेवावं आणि झोपेपर्यंत तासा-दोन तासांनी तपासत राहावं. किडनी कमजोर असलेल्या वयस्कर माणसात हा असर दुसऱ्या दिवशीपर्यंत लांबू शकतो. त्यांना दवाखान्यात नेणंच बरं.

आजींच्या बाबतीत हे टाळता आलं असतं. डॉक्टर अशा वेळी साधारणपणे सकाळचं ग्लिमेपिराइड वगळतात, नुसतं मेटफॉर्मिन फराळाबरोबर देतात आणि नेहमीची एकत्र गोळी चंद्रोदयानंतर, ताट वाढल्यावर घ्यायला सांगतात. अडचण अशी, की एकत्र गोळीतून ग्लिमेपिराइड वेगळं काढता येत नाही, आणि एसआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी चुरून घ्यायची नसते. म्हणून साध्या मेटफॉर्मिनची वेगळी चिठ्ठी आधीच लिहून घ्यावी लागते. संकष्टी दर महिन्याला येते, तेव्हा एकदा बसून आखलेली योजना औषध बदलेपर्यंत पुरते. तपासणी सकाळी, फराळाआधी, पाचच्या सुमारास आणि रात्री जेवणाआधी करावी. पाच वाजताचा आकडा सर्वांत मोलाचा. तो ८०-९०च्या आसपास असेल आणि चंद्र दहाला उगवणार असेल, तर थांबू नये, काहीतरी खावं.

इन्शुलिनचं गणितही याच धाग्याने जातं. जेवणाआधी घ्यायचं जलद इन्शुलिन जेवण नसेल तर घ्यायचं नाही. ३०/७० मिश्रणाचा सकाळचा डोस मात्र फसवा असतो, कारण त्यातला लांबणारा भाग दुपारी-संध्याकाळी, म्हणजे नेमका रिकाम्या पोटी जोरात असतो. तो किती कमी करायचा, हे स्वतःच्या अंदाजाने ठरवू नये. ग्लार्जिनसारखं दिवसभराचं इन्शुलिन उपवासाला बहुधा १५ ते ३० टक्के कमी केलं जातं. पण टाइप १ मधुमेहात ते पूर्ण बंद करणं जिवावर बेतू शकतं, कारण इन्शुलिनच नसेल तर काही न खाताही रक्तात किटोन नावाची आम्लं साचतात.

हरतालिकेसारख्या निर्जळी उपवासाला डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. त्या लघवीवाटे साखर आणि तिच्याबरोबर पाणीही बाहेर टाकतात. पाणी न पिता त्या चालू ठेवल्या, तर शरीर कोरडं पडतं आणि मीटरवर शुगर ठीक दिसत असतानाही किटोन वाढू शकतात. मळमळ, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसली तर शुगरच्या आकड्यावर विसंबू नये, पाणी प्यावं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.