दहाचा घातांक कॉपी करताना कुठे हरवतो?

आपल्या शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. 2016 साली रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी ‘प्लॉस बायॉलॉजी’ या नियतकालिकात हा हिशोब नव्याने मांडला. 70 किलो वजनाच्या प्रमाण पुरुषात सुमारे 3.8 × 10¹³ जिवाणू आणि 3.0 × 10¹³ मानवी पेशी, म्हणजे जवळजवळ बरोबरीच. आता कोणी हा गैरसमज खोडून काढायला ते वाक्य निबंधातून उचलून मोबाइलवरच्या संदेशात पेस्ट केलं, तर तिथे बहुधा ‘3.8 × 1013 जिवाणू’ असं उमटतं. गुणाकार करून बघा, उत्तर येतं 3,849. अडतीस लाख कोटी जिवाणूंचे चार हजारसुद्धा उरले नाहीत.

घातांक दोन्ही आकड्यांतून सारखाच पडतो, म्हणून गुणोत्तर बिघडत नाही, हे यातलं सगळ्यात फसवं. 3,849 भागिले 3,039 केलं तरी उत्तर पूर्वीसारखंच 1.27 येतं. ‘जवळजवळ बरोबरी’ हा निष्कर्ष शाबूत राहतो, त्यामुळे वाचणाऱ्याला संशयच येत नाही.

हे घडतं कसं? वेबपानावर वर उचललेला छोटा अंक हा वेगळा अंक नसतो. तो साधाच 1 आणि साधाच 3 असतो, फक्त त्यांच्या दोन्ही बाजूंना ‘हे वर उचलून लहान दाखव’ अशी खूण असते. समजा, त्याच आकड्याला लागून पाचवी तळटीप आहे. मग पानाच्या पोटात साधारण असं लिहिलेलं असतं:

```html
3.8 × 10<sup>13</sup><sup><a href="#fn5">5</a></sup>
```

आपण मजकूर निवडून कॉपी करतो, तेव्हा ब्राउझर क्लिपबोर्डवर एकच प्रत ठेवत नाही. एक प्रत खुणांसकट असते, दुसरी निव्वळ अक्षरांची. कोणती उचलायची हे जिथे पेस्ट करतो तो प्रोग्रॅम ठरवतो. वर्ड बहुधा खुणांची प्रत घेतो आणि घातांक वरच राहतो. नोटपॅड, संदेशाची चौकट, ऑनलाइन अर्जातला रकाना हे मात्र साधी प्रत घेतात. ती तयार करताना ब्राउझर परिच्छेदाच्या जागी नवी ओळ टाकतो, पण `<sup>` च्या जागी काहीच टाकत नाही, साधी मोकळी जागाही नाही. म्हणून वरच्या ओळीचं होतं:

```text
3.8 × 10135
```

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींना चिकटल्या आहेत: पाया 10, घातांक 13 आणि तळटिपेचा क्रमांक 5. साधी प्रत एकदा हातात आली की त्यातून ‘13 आणि 5’ खरं की ‘1 आणि 35’ खरं, हे सांगायला मजकुरात काहीही उरलेलं नसतं. माहिती अक्षरांत नव्हतीच, ती खुणेत होती आणि खूण गेली.

याउलट [12] असा चौकटी कंसातला संदर्भ सहीसलामत पोचतो, कारण कंस ही स्वतः अक्षरं आहेत. विकिपीडियावरचे संदर्भही वर उचललेलेच असतात, पण कंसासकट, त्यामुळे खाली पडले तरी ओळखू येतात. नुसते छोटे अंक वर टाकणारी नियतकालिकं देखणी दिसतात. तरी आकड्याला लागून संदर्भाचा अंक देणं मला धोक्याचंच वाटतं. ‘2016’ ला पाचवी टीप लागली की कॉपीत ‘20165’ होतं. शब्दापुढे किंवा पूर्णविरामापुढे आलेला अंक त्यामानाने निरुपद्रवी. ‘असतात.5’ हे विचित्र दिसतं आणि लगेच कळतं.

मग युनिकोडमध्ये वरचे अंक वेगळे नाहीत का? आहेत. ¹, ² आणि ³ जुन्या लॅटिन संचातून आले, म्हणून एका जागी आहेत. बाकीचे नंतर दुसरीकडे ठेवले गेले. ही खरीखुरी अक्षरं असल्यामुळे कॉपीत टिकतात. पण शोधयंत्रणा आणि माहितीसाठे मजकूर साठवण्यापूर्वी अनेकदा तो सारखा करून घेतात. त्यातली एनएफकेसी नावाची रीत ² चा सरळ 2 करून टाकते, आणि आपण पुन्हा 1013 वर येतो. शिवाय हे अंक फक्त 0 ते 9 या वळणाचे. १ ते ९ असे देवनागरी अंक घातांक म्हणून वर ठेवायला युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षरंच नाहीत. देवनागरीचे अक्षरावर बसणारे अंक आहेत, पण ते सामवेदाच्या स्वरलेखनासाठी. त्यावरून वेदांत घातांक होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. ते अंक गाण्याचा स्वर सांगतात, गणित नाही.

पीडीएफमध्ये गोष्ट आणखी अवघड होते. तिथे वर उचलण्याची खूणही बहुधा नसते. ‘हे अक्षर, या मापाचं, पानावरच्या या बिंदूवर काढ’ एवढीच आज्ञा असते. मजकूर 10 पॉइंटचा असेल तर घातांक साधारण 7 पॉइंटचा आणि तीन-चार पॉइंट वर. मजकूर काढणारा प्रोग्रॅम उंची बघून ओळी जुळवतो. फरक ओळीच्या उंचीपेक्षा कमी असल्याने घातांक बहुतेकदा त्याच ओळीत ओढला जातो. कधी मात्र तो वेगळी ओळ समजला जातो, आणि ‘13’ वरती एकटाच पडतो, खाली उरतं ‘3.8 × 10 जिवाणू’. अडतीस जिवाणू! ही चूक निदान डोळ्यांत भरते.

तळटिपांचं दुखणंही याच जातीचं. टीप पानाच्या तळाशी छापलेली असते आणि वाक्य अनेकदा पुढच्या पानावर संपतं. कॉपी करताना पानाचा क्रम वरून खाली लागतो, म्हणून अर्ध्या वाक्यात टीप घुसते: ‘या अंदाजात सर्वांत मोठा वाटा 5 प्रमाण पुरुष म्हणजे 70 किलो वजनाचा प्रौढ. रक्तपेशींचा आहे.’ मधला तुकडा काढला की ‘सर्वांत मोठा वाटा रक्तपेशींचा आहे’ हे मूळ वाक्य जुळतं. रचनेच्या खुणा घातलेल्या पीडीएफमध्ये टीप वेगळी नोंदता येते, पण जुन्या स्कॅन केलेल्या निबंधांत त्या खुणा मुळातच नसतात.

उपाय कॉपीच्या आधी करावा लागतो. वेबपानाचा मूळ मजकूर हाताशी असेल तर एक भेद कामाला येतो: तळटिपेच्या अंकात सहसा दुवा असतो, घातांकात नसतो. म्हणून आधी `<a` असलेल्या सगळ्या `<sup>` ना कंस द्यायचे आणि उरलेल्यांपुढे `^` लावायचं. वरची ओळ मग `3.8 × 10^13[5]` अशी होते आणि कुठेही पेस्ट केली तरी अर्थ टिकतो. दुवा नसलेली टीप यातून निसटते, ती हातानेच पाहावी लागते.

पेस्ट करून झालं असेल, तर शोधाच्या चौकटीत ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ हा पर्याय चालू करून मजकुरात एवढं शोधा:

```text
× ?10[1-9]\d*
```

गुणाकाराच्या चिन्हानंतर 10 आणि त्याला चिकटून शून्य सोडून आणखी अंक, असा याचा अर्थ. शून्य वगळल्यामुळे ‘× 100’ किंवा ‘× 1000’ असे खरेखुरे गुणाकार यात अडकत नाहीत. शास्त्रीय लेखनात ‘× 1013’ असं मुद्दाम कोणी क्वचितच लिहितं, त्यामुळे सापडलेली जवळजवळ प्रत्येक जागा पडलेल्या घातांकाची असते. शेवटचा अंक टिपेचा आहे का, हे ठरवायला मात्र मूळ पान उघडून तिथेच बघावं लागतं.