फिलिंग उंच लागणे आणि चाव्याचा कागद

दाढेत नवे फिलिंग भरल्यावर तोंड मिटताना तीच दाढ आधी टेकते आणि बाकीचे दात जुळायचे राहतात, तेव्हा फिलिंग ‘उंच लागते’ असे म्हणतात. उंची दिसण्याजोगी असतेच असे नाही. दाताचे मूळ हाडात घट्ट रुतलेले नसून सुमारे 0.2 मिलिमीटर जाडीच्या तंतुमय आवरणावर तोललेले असते आणि त्या आवरणात दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. त्यामुळे निरोगी दातांना मधे आलेली 20 मायक्रॉनच्या आसपासची जाडीही कळते. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसापेक्षा बारीक फरकही जिभेआधी दातालाच जाणवतो.

उंची राहून जाण्याची कारणे साधी आहेत. फिलिंग उघड्या तोंडात भरले जाते. समोरच्या दाढेचा उंचवटा नेमका कुठे उतरणार, हे त्या वेळी डॉक्टरांना अंदाजानेच ठरवावे लागते. कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे मटेरियल, निळ्या प्रकाशाने काही सेकंदांत कडक होते आणि नंतर फक्त घासूनच कमी करता येते. त्यातच खालचा जबडा बधिर असल्याने रुग्णाला दाब कळत नाही, तो जबडा थोडा वाकडाही मिटतो आणि ‘ठीक आहे’ म्हणून घरी जातो. खुर्चीत आडवे झोपून मिटलेला जबडा आणि सरळ बसून मिटलेला जबडा यांतही थोडा फरक पडतो. खरी तक्रार बधिरता उतरल्यावर, पहिल्या जेवणात येते.

ही उंची शोधण्यासाठी आर्टिक्युलेटिंग पेपर, म्हणजे चाव्याचा कागद, वापरतात. ही रंगाचा थर दिलेली पट्टी असते. जाड पट्टी 200 मायक्रॉनची, बारीक 40 किंवा त्याहून कमी, आणि नुसती पकड तपासायची धातूची पत्री 8 मायक्रॉनची असते. जाड पट्टी ओळखायला सोपी, पण न टेकणाऱ्या उतारांवरही रंग लावून जाते. शेवटचा निर्णय तिच्यावर घेऊ नये.

उदाहरण म्हणून खालच्या उजव्या पहिल्या दाढेतले कंपोझिट घेऊ. दाढ कोरण्याआधीच लाल कागदावर दोन-तीनदा चावायला लावून मूळ खुणा कुठे येतात ते पाहून ठेवलेले असावे. बरेच जण इथेच चुकतात, कारण नंतर तुलनेला काहीच उरत नाही. फिलिंग झाल्यावर रुग्णाला सरळ बसवतात, दाढ कापसाने आणि हवेने कोरडी करतात (लाळेवर रंग धरत नाही), कागद चिमट्यात धरून दातांमध्ये ठेवतात आणि हलके टक-टक चावायला सांगतात. समजा, फिलिंगच्या मधोमध गडद कडे आणि आत फिकट ठिपका उमटला. जोराच्या दाबाने मधला रंग बाजूला सरकला, म्हणून ते कडे तयार झाले. याच वेळी शेजारच्या उपदाढांमध्ये ठेवलेली पत्री चावूनही अलगद निघून आली, तर शंका उरत नाही: फिलिंगने त्या दातांना वर उचलून धरले आहे.

आता बारीक हिऱ्याच्या बरने, म्हणजे घासायच्या फिरत्या टोकाने, पाणी सोडत, फक्त त्या खुणेवर क्षणभर टेकवून घासतात. जुना रंग पुसून, पुन्हा कोरडे करून, पुन्हा चावणे. तीन-चार फेऱ्यांत उपदाढांनी पत्री पकडली की सरळ चाव्याचे काम झाले. मग निळ्या कागदावर जबडा डावी-उजवीकडे आणि पुढे घासायला लावतात व त्यावर लाल कागदाने सरळ चावायला लावतात. लाल ठिपके ठेवायचे, फिलिंगच्या उतारांवरचे लांबट निळे फराटे काढायचे. सरळ चावताना ठीक, पण घास चघळताना टोचते, ही तक्रार बहुधा या फराट्यांमुळे असते.

खूण मोठी म्हणजे दाब जास्त, हा समज मात्र फसवा आहे. पसरट खूण हलक्या स्पर्शाचीही असते आणि टाचणीएवढा ठिपका सगळा भार घेत असतो. म्हणून कागद जागा दाखवतो, जोर नव्हे. तो पत्रीने आणि रुग्णाच्या सांगण्याने ताडून पाहावा लागतो. घाईत सगळेच रंगीत घासून काढले तर फिलिंग समोरच्या दाढेला टेकतच नाही आणि मटेरियल पुन्हा चढवावे लागते. चांदीचे फिलिंग ताजे असताना कोरायच्या हत्यारानेच कमी होते, पण त्यावर जोरात चावू देऊ नये, तुकडा उडतो.

‘चावून चावून बसेल’ म्हणून आठवडाभर थांबू नये. मुळाभोवतीचे आवरण सुजले की दात किंचित वर येतो आणि अधिकच उंच लागतो. उंची काढल्यावर ही दुखरी जाणीव काही दिवसांत ओसरते. खुणा बरोबर येऊनही दुखत असेल, तर घासणे थांबवायचे. चावा सोडताना कळ आली तर दाताला चीर असू शकते. थंडाची कळ बराच वेळ रेंगाळत असेल किंवा रात्री आपोआप ठणका लागत असेल, तर दोष आतल्या नसेत असतो आणि तो कागदावर उमटत नाही.