P0131: सेन्सर मेला, की एक्झॉस्ट गळतोय?

शेजारच्या काकांच्या आठ वर्षं जुन्या पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर P0131 आलं, गॅरेजवाल्यानं ऑक्सिजन सेन्सर बदलला, काही हजार गेले. दहाव्या दिवशी रंकाळ्याच्या कडेला दिवा परत हजर. पुढं लिंबू-मिरची लटकत होतीच, तिनंही काही केलं नाही.

गोची कोडच्या अर्थात आहे. P0131 म्हणजे ‘पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज कमी येतंय’, एवढंच. सेन्सर खराब आहे असं ते कुठंच म्हणत नाही. आणि हा सेन्सर व्होल्टेज कसं तयार करतो, हा मला गाडीतला सगळ्यात देखणा प्रकार वाटतो.

त्यात झिर्कोनिया या सिरॅमिकचं बोटाएवढं टोपण असतं. त्याची बाहेरची बाजू धुरात आणि आतली बाजू साध्या हवेत असते. साधारण 300 अंशांच्या वर तापलं की त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात आणि दोन बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितकं व्होल्टेज उठतं. पण ते फरकाच्या पटीत वाढत नाही, लॉगरिदमनं वाढतं. हवेत 21 टक्के ऑक्सिजन आणि धुरात 1 टक्का, म्हणजे गुणोत्तर 21. टोपण 600 अंशांवर असेल तर येतात जेमतेम 0.06 व्होल्ट. धुरातला ऑक्सिजन निम्मा केला तरी 0.07. पण पेट्रोल किंचित जास्त झालं की उरलासुरला ऑक्सिजन टोपणावरच्या गरम प्लॅटिनमवर जळून जातो. मग गुणोत्तर एकावर वीस शून्यं इतकं होतं आणि व्होल्टेज एकदम 0.85 च्या आसपास उडी मारतं. मधे चढण नाही, सरळ कडा आहे. इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, पेट्रोल कमी-जास्त करत या कड्यावर डोलत राहतो.

म्हणून धुरात बाहेरची थोडी हवा मिसळली तरी सेन्सर कड्याखाली पडतो. ऑक्सिजन सिलिंडरमधून आला की भोकातून, हे त्याला कळत नाही.

आता कुणीही विचारेल, एक्झॉस्टमध्ये तर दाब असतो, मग हवा आत कशी येईल? धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्यानं येतो. चार सिलिंडरचं इंजिन 780 आरपीएमवर सेकंदाला 26 धक्के देतं. प्रत्येक धक्का पुढं गेला की मागं क्षणभर दाब हवेपेक्षा खाली जातो आणि फटीतून हवा ओढली जाते. वेग वाढला की धूर भरपूर होतो आणि आलेली हवा त्यात नगण्य ठरते.

तपासणी यावरच उभी आहे. आधी कोडसोबत साठवलेली फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आलं त्या क्षणाची नोंद, लिहून घेतली. त्यात गाडी न्यूट्रलला उभी, 780 आरपीएम, असं होतं. मग कोड पुसलं, कारण दिवा लागलेला असताना बऱ्याच गाड्यांचा ईसीयू या सेन्सरचं ऐकणंच सोडतो. इंजिन गरम करून पाहिलं. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, व्होल्टेज बहुतेक वेळ 0.1 च्या खाली होतं आणि फ्युएल ट्रिम +22 टक्के, म्हणजे ईसीयू तेवढं पेट्रोल वाढवून देत होता. 2500 आरपीएमवर सेन्सर 0.1 ते 0.8 मध्ये झपाझप फिरू लागला आणि ट्रिम +6 वर आली. एअर फिल्टरच्या तोंडाशी थोडा प्रोपेन सोडला, तर व्होल्टेज लगेच 0.86. मेलेला सेन्सर तिथंही खालीच बसून राहिला असता, आणि म्हातारा झालेला हळूहळू चढला असता. सेन्सरला तापवणारा हीटर गेला असता तर वेगळं कोड आलं असतं, P0135. सेन्सर ठणठणीत होता. अर्थात, ही व्होल्टेजं जुन्या धाटणीच्या सेन्सरची. वाइडबँड नावाचा वेगळ्या प्रकारचा सेन्सर असलेल्या गाडीत ती लागू नाहीत.

एक अडचण राहतेच. इंटेक मॅनिफोल्डला गळती असली तरी आयडलला ट्रिम वाढते आणि वेगात उतरते. फरक प्लगमध्ये दिसतो. इंटेकला गळती असेल तर वाढीव पेट्रोल त्या जादा हवेला जुळतं आणि प्लग बरे दिसतात. एक्झॉस्टला असेल तर इंजिनला गरज नसताना पेट्रोल मिळतं. काकांचे चारही प्लग काजळीनं काळे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे, थंड इंजिन सुरू करताच बॉनेटखालून टक-टक ऐकू आलं. दोन मिनिटांत लोखंड तापून फुगलं आणि आवाज गेला. गाडी बंद करून थंड होऊ दिली. सायलेन्सरच्या तोंडाशी व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी नळी चिंधीनं घट्ट बसवली आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलं. चौथ्या सिलिंडरपाशी मॅनिफोल्डच्या गॅसकेटला बारीक बुडबुडे धरले, शेजारी काजळीचा ओघळ होता आणि एक स्टड मुळातच तुटलेला.

उद्यमनगरात तुटका स्टड काढून घेतला. तिथल्या मिस्त्रीनं मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी धरून पाहिली. “पट्टीखालनं उजेड येत न्हाई, कास्टिंग वाकलेलं न्हाई बघा,” म्हणाला. गॅसकेट नवीन बसलं. आयडलला ट्रिम +3 झाली. जुना सेन्सर काकांनी डब्यात जपून ठेवलाय.