ऑक्सिजन कमी झालाय, की मशीनला नाडीच सापडत नाहीये?

बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा फोटो आला की त्याखाली लगेच दोन प्रकारचे मेसेज येतात, एक "ताबडतोब ॲडमिट करा" आणि दुसरा "अहो नेलपॉलिश असेल, काही नसतं". मी ठाण्यात वॉर्डला सिस्टर आहे, त्यामुळे असे फोटो मला नातेवाइकांकडून, सोसायटीतून, सगळीकडून येतात, आणि हे दोन्ही मेसेज मला तितकेच खटकतात कारण दोघांनीही मूळ प्रश्न विचारलेलाच नसतो. आकडा कमी आहे हे दिसतंय, पण रक्तातला ऑक्सिजन कमी आहे म्हणून कमी आहे, की मशीनला बोटातली नाडी नीट मिळत नाही म्हणून? स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखंच दिसतं.

आधी किरकोळ गोष्टी उरकते. SpO2 लिहिलेला आकडा ऑक्सिजनचा आणि PRbpm लिहिलेला नाडीचा, हे कोविडनंतर बहुतेक घरांत माहीत आहे. फोटो उलटा नाही ना तेवढं बघा, कारण या काड्यांच्या आकड्यात 98 उलटा धरला की 86 वाचला जातो आणि त्या एका गोष्टीवरून घरात रडारड होऊ शकते. अक्षरं सुलट दिसतायत का बघितलं की झालं.

आता मुख्य मुद्दा. मशीन बोटातून दोन प्रकाश सोडतं, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. ऑक्सिजन असलेलं रक्त आणि नसलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. पण बोटात हाड, कातडी, नख, शिरेतलं रक्त असं सगळंच असतं, म्हणून मशीन फक्त नाडीच्या ठोक्याबरोबर कमीजास्त होणारा प्रकाश पकडतं आणि बाकीचा स्थिर भाग बाजूला ठेवतं. म्हणजे त्याचा सगळा हिशोब ठोक्यावर उभा आहे. ठोका नीट मिळाला तर आकड्यावर विश्वास ठेवायचा, नाही मिळाला तर तो आकडा ऑक्सिजनबद्दल काहीच सांगत नाही, मग तो 82 असो की 97.

हात हलला की नेमका इथे घोळ होतो. हलण्यामुळे लाल आणि इन्फ्रारेड दोन्ही प्रकाश जवळपास सारखेच वरखाली होतात, मशीनला तेच ठोके वाटतात, आणि दोन्ही प्रकाशांतला बदल सारखा असला की त्याच्या गणितातून उत्तर येतं साधारण 85. म्हणून खोकताना, थंडी वाजून हात कापत असताना किंवा एका हाताच्या बोटाला मशीन आणि दुसऱ्या हाताने वाकून फोटो काढताना आकडा 84-86 च्या आसपास लोंबकळतो. आता 85 दिसला म्हणजे खोटाच असंही नाही हं, खरा 85 पण असतो आणि तो फार वाईट असतो, म्हणून तर पडताळा घ्यायचा.

थंड हाताचं वेगळं आहे. आपल्याकडे लोक म्हणतात ठाण्यात कुठली आलीये थंडी, पण रात्रभर एसी अठरावर ठेवून झोपलेल्या सत्तरीच्या माणसाची बोटं सकाळी हातात घेऊन बघा. गारव्याने बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, ठोका क्षीण होतो, मग मशीन नुसत्या रेघा दाखवतं नाहीतर चाचपडत कुठलातरी कमी आकडा देतं. त्याच हाताला बीपीचा पट्टा फुगवला की पण हेच होतं.

आणि नेलपॉलिश, ज्याच्यावर सगळं खापर फुटतं, ते या तिघांत सगळ्यात कमी गुन्हेगार आहे. रंगाचा थर स्थिर असतो, ठोक्याबरोबर बदलत नाही, त्यामुळे बऱ्याचदा एकदोन आकड्यांचाच फरक पडतो. काळा, निळा, हिरवा, गडद चॉकलेटी असे रंग जास्त त्रास देतात, लाल फारसा नाही. थर खूप जाड असेल तर मशीन आकडाच देणार नाही. पण 97 चा 86 नेलपॉलिशने झाला असं कुणी सांगितलं तर मी ते मान्य करत नाही. पुसायला जमत नसेल, जेलची किंवा चिकटवलेली नखं असतील, तर मशीन बोटाला आडवं लावा म्हणजे प्रकाश नखातून न जाता बोटाच्या दोन बाजूंमधून जाईल, किंवा पायाचं बोट वापरा.

पडताळा कसा घ्यायचा ते ऐरोलीच्या एका काकूंच्या उदाहरणावरून सांगते. दोन दिवस ताप खोकला, मुलाने सकाळी फोटो पाठवला, SpO2 86, PRbpm 51. मी आधी फोनवर विचारलं, दम लागतोय का, एक पूर्ण वाक्य न थांबता बोलतायत का, ओठ निळसर आहेत का. यातलं एक जरी असतं तर आकड्याचा विचार न करता थेट हॉस्पिटल सांगितलं असतं. तसं काही नव्हतं, काकू मागून मुलालाच ओरडत होत्या. मग त्याला म्हटलं मनगटावर नाडी मोज, तीस सेकंद मोजून दुप्पट कर. आली 94. इथेच कळलं. मनगटावर 94 आणि मशीनवर 51 म्हणजे मशीनने निम्मे ठोके पकडलेच नाहीत, मग त्या 86 ला काही अर्थ राहत नाही. एसी बंद केला, हात कोमट पाण्यात धरून कोरडे पुसले, पाचेक मिनिटं टेकून शांत बसवलं, हात टेबलावर ठेवून मधल्या बोटाला मशीन लावलं आणि एक मिनिटभर आकड्याकडे बघितलंच नाही, कारण सुरुवातीचे आकडे उड्या मारतात. मग SpO2 96, PRbpm 93, आणि बाजूची पट्टी मनगटाच्या ठोक्याबरोबर वरखाली होतेय. हा आकडा खरा. (ज्यांचे ठोके मुळातच अनियमित आहेत त्यांच्यात ही जुळणी पक्की धरता येत नाही, त्यांचं डॉक्टरांनाच बघू द्या.)

आता याच्या उलट बाजू, आणि माझा खरा राग इथे आहे. हात गरम, नखं कोरी, माणूस स्थिर बसलेला, मनगटावर 110 आणि मशीनवर 108, आणि SpO2 मिनिटभर 91 वरच. हे बघूनसुद्धा घरचे बोटं बदलत बसतात, शेजारून दुसरं मशीन आणतात, कधीतरी क्षणभर 95 चमकतो आणि त्याचाच फोटो काढून "आता ठीक आहे" म्हणून पाठवतात. या मशीनमध्ये दोनेक टक्के इकडेतिकडे होतातच, पण नाडी जुळलेली असताना टिकून राहिलेला 91 हा खरा धरायचा. कोविडच्या वेळी आपल्याकडे 90 ते 93 ला मध्यम आजार धरायचे, घरी थांबायचा नव्हे. दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना पेशंट असेल तर त्याचा नेहमीचा आकडा डॉक्टरांनी सांगितलेला असतो, तो वेगळा.

म्हणून मला फोटो नकोच असतो. फोटोत एक क्षण दिसतो, पट्टी हलतेय का, आकडा टिकतोय का, काहीच कळत नाही. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवा, दुसऱ्या कुणीतरी काढलेला, हात टेबलावर टेकलेला असू दे, आणि खाली मनगटावर मोजलेली नाडी लिहा.