वाढत्या लाभांशाची गुंतवणूक

वर्षानुवर्षे न चुकता लाभांश वाढवत आलेल्या कंपन्यांचे समभाग निवडायचे आणि ते दीर्घकाळ बाळगायचे, या पद्धतीला वाढत्या लाभांशाची गुंतवणूक म्हणतात. शेअर बाजारात तिचे रूढ नाव ‘डिव्हिडंड ग्रोथ’ असे आहे. आज सर्वांत जास्त लाभांश देणारा समभाग घेणे ही वेगळी पद्धत, आणि दोन्हींची गल्लत पुष्कळदा होते. समभागाच्या बाजारभावाशी वार्षिक लाभांशाचे जे प्रमाण असते त्याला यील्ड म्हणतात. जास्त यील्ड शोधणारा आजची रक्कम पाहतो. वाढता लाभांश शोधणारा आज दीड-दोन टक्के यील्डवर समाधान मानतो, कारण त्याची नजर पंधरा-वीस वर्षांनंतरच्या रकमेवर असते.

या पद्धतीचा आधार व्यवस्थापनाच्या एका सवयीत आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉन लिंटनर यांनी १९५६ मध्ये कंपन्यांच्या व्यवस्थापकांशी बोलून लाभांश कसा ठरतो याचा अभ्यास मांडला. नफा एखाद्या वर्षी उसळला म्हणून कंपन्या लाभांश लगेच तेवढा वाढवत नाहीत. ही वाढ पुढेही टिकेल अशी खात्री पटेपर्यंत त्या थांबतात, कारण एकदा वाढवलेला लाभांश कमी करण्याची नामुष्की त्यांना नको असते. म्हणून सलग वाढणारा लाभांश हा व्यवस्थापनाने स्वतःच्या भविष्यावर पैशात दिलेला कौल ठरतो. तो कौल चुकू शकतो, पण भाषणापेक्षा जास्त वजनाचा असतो. १९६१ मध्ये मर्टन मिलर आणि फ्रँको मोदिग्लियानी यांनी दुसरी बाजू मांडली. कर आणि व्यवहारखर्च नसलेल्या आदर्श बाजारात लाभांश दिल्या-न दिल्याने कंपनीचे मूल्य बदलत नाही, कारण तिजोरीतून गेलेला रुपया समभागाच्या किमतीतूनही जातो. लाभांशाची पात्रता संपते त्या दिवशी भाव साधारण तेवढ्याच रकमेने खाली उघडतो, हे कुणालाही पडताळून पाहता येते. लाभांश म्हणजे वरकमाई नव्हे. आपल्याच मालकीच्या पैशाने खिसा बदललेला असतो.

वाढीसाठी किती थांबावे लागते, हे आकडे मांडल्याशिवाय नीट कळत नाही. दोन काल्पनिक कंपन्यांत प्रत्येकी १ लाख रुपये गुंतवले असे समजा. पहिलीचा यील्ड ५ टक्के आहे आणि लाभांश दरवर्षी २ टक्क्यांनी वाढतो. दुसरीचा यील्ड दीडच टक्का आहे, पण लाभांश दरवर्षी १२ टक्क्यांनी वाढतो. पहिल्या वर्षी पहिलीकडून ५,००० रुपये मिळतात, दुसरीकडून १,५००. दुसरीचा वार्षिक लाभांश पहिलीला ओलांडतो तो चौदाव्या वर्षी. आणि तोवर हातात आलेल्या सगळ्या रकमांची बेरीज केली, तर दुसरी पुढे जायला बाविसावे वर्ष उजाडते. पस्तिशीतल्या गुंतवणूकदाराला हे परवडते. ज्याने निवृत्तीनंतर बासष्टाव्या वर्षी घरखर्चासाठी समभाग घेतले, त्याच्यासाठी ती चौऱ्याऐंशीव्या वर्षीची गोष्ट आहे. शिवाय बावीस वर्षे १२ टक्के वाढ टिकवणाऱ्या कंपन्या फार थोड्या असतात. समभागाच्या भावातील वाढ या हिशेबात धरलेली नाही. वेगाने वाढणाऱ्या कंपनीचा खरा फायदा पुष्कळदा तिथेच दिसतो. पण मग आपण लाभांशासाठी थांबलो होतो की भाववाढीसाठी, हे गुंतवणूकदाराने स्वतःशी स्पष्ट ठेवायला हवे.

या पद्धतीचे सर्वांत जास्त सांगितले जाणारे उदाहरण म्हणजे वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीकडील कोका-कोलाचे समभाग. सात वर्षे चाललेली ही खरेदी ऑगस्ट १९९४ मध्ये पूर्ण झाली. आजच्या हिशेबाने ते ४० कोटी समभाग आहेत आणि त्यांची एकूण खरेदी किंमत होती १३० कोटी डॉलर. १९९४ मध्ये त्यांवर ७.५ कोटी डॉलर लाभांश मिळाला. २०२२ मध्ये तो ७०.४ कोटी डॉलर झाला. म्हणजे मूळ खरेदीच्या ५४ टक्के रक्कम एकाच वर्षी लाभांश म्हणून परत आली. या गुणोत्तराला ‘यील्ड ऑन कॉस्ट’ म्हणतात, आणि वाढत्या लाभांशाच्या चाहत्यांना ते फार प्रिय आहे.

पण निर्णयासाठी हा आकडा उपयोगाचा नाही. २०२२ अखेर त्या समभागांचे बाजारमूल्य सुमारे २,५०० कोटी डॉलर होते. बर्कशायरचे खरे भांडवल त्या दिवशी तेवढे अडकलेले होते, १३० कोटी नव्हे. त्यावर ७०.४ कोटी म्हणजे जेमतेम २.८ टक्के. समभाग ठेवावा की विकावा हे ठरवताना तुलना या २.८ टक्क्यांची आणि पुढील वाढीची करावी लागते. वाडवडिलांनी काही हजारांत घेतलेल्या घराचे आजचे भाडे त्या जुन्या किमतीशी ताडून पाहावे, तसाच हा प्रकार. आकडा अभिमानाचा असतो, पण आज ते घर ठेवावे की नाही याबद्दल तो काहीच सांगत नाही.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि माझ्या मते या पद्धतीतली सर्वांत महत्त्वाची तपासणी तीच आहे. लाभांश वाढला, पण तो कशातून? समभागांची नंतरची विभाजने जमेस धरली तर १९९४ मध्ये कोका-कोलाचा प्रतिसमभाग नफा सुमारे ४९.५ सेंट होता आणि लाभांश १९.५ सेंट. नफ्यातला ३९ टक्के भाग वाटला जात होता. २०२२ मध्ये नफा २.१९ डॉलर झाला आणि लाभांश १.७६ डॉलर, म्हणजे वाटप ८० टक्क्यांवर गेले. अठ्ठावीस वर्षांत नफा साधारण साडेचार पट झाला, लाभांश मात्र नऊ पट. वरची दुप्पट आली ती नफ्यातला वाटा वाढवल्यामुळे. नफा कितीही वेळा दुप्पट होऊ शकतो. ३९ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जाणे मात्र एकदाच जमते. तिथून पुढे लाभांश नफ्याच्याच गतीने चालणार. त्यामुळे मागच्या दहा वर्षांतील लाभांशवाढीचा दर पुढच्या दहा वर्षांना जसाच्या तसा लावण्याआधी त्याचे हे दोन तुकडे वेगळे करून पाहावेत. नफ्याबरोबर रोकडही पाहावी. धंद्यातून आलेल्या रोख रकमेतून यंत्रे, इमारती वगैरेंवरचा खर्च वजा करून जे उरते, त्यातून लाभांश भागतो का? तो कर्ज काढून दिला जात असेल तर सलग वाढीची मालिका दिखाऊ आहे. जाता जाता नोंदवण्याजोगे हे की कोका-कोलाचा लाभांश आनंदाने घेणाऱ्या बर्कशायरने बफे यांच्या काळात स्वतःच्या भागधारकांना लाभांश एकदाच दिला, १९६७ मध्ये.

मालिका तुटते कशी, याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील औषधदुकानांची साखळी वॉलग्रीन्स. तिने सत्तेचाळीस वर्षे सलग लाभांश वाढवला होता. २०२१ मध्ये तिमाही लाभांश ४६.७५ सेंटवरून ४७.७५ सेंट झाला. २०२२ मध्ये वाढ होती अवघी पाव सेंट. २०२३ च्या उन्हाळ्यात तो ४८ सेंटवरच ठेवला गेला. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने तो २५ सेंटवर आणला आणि २०२५ च्या सुरुवातीला लाभांश देणेच थांबवले. २०२४ च्या कपातीच्या घोषणेआधी भाव इतका उतरला होता की यील्ड साडेसात टक्क्यांच्या आसपास दिसत होता. यातली खरी सूचना पाव सेंटाची होती. महागाईच्या निम्म्यानेही न वाढणारा लाभांश मालिका जिवंत ठेवण्यापुरता वाढवला जात असतो. भाव पडल्यामुळे फुगलेला यील्ड ही त्यानंतरची खूण. बाजाराने कपात आधीच गृहीत धरलेली असते. ज्याची निवड केवळ सलग वर्षे मोजून झालेली असते तो या दोन्ही खुणांकडे दुर्लक्ष करतो, आणि कपात जाहीर झाल्यावर पडलेल्या भावात विकतो.

सलग वर्षे मोजणाऱ्या याद्यांबद्दलही सावध असावे. ‘एस अँड पी ५०० डिव्हिडंड ॲरिस्टोक्रॅट्स’ या निर्देशांकात किमान पंचवीस वर्षे सलग लाभांश वाढवलेल्या कंपन्यांनाच प्रवेश आहे. आजची यादी घेऊन तिचा मागचा परतावा काढला तर तो चांगलाच दिसणार, कारण ज्यांनी कपात केली त्या यादीतून आधीच गळाल्या. निर्देशांकाचा त्या-त्या वर्षीच्या यादीनुसार काढलेला परतावा हाच प्रामाणिक आकडा. दुसरी मर्यादा कालखंडाची. मायक्रोसॉफ्टने लाभांश २००३ मध्ये सुरू केला, अल्फाबेट आणि मेटाने २०२४ मध्ये. पंचवीस वर्षांची अट पाळणारा गुंतवणूकदार या कंपन्यांच्या वाढीच्या सर्वांत भरभराटीच्या काळात बाहेरच राहिला. त्याच्याकडे साबण, शीतपेये, रंग आणि यंत्रसामग्रीच्या कंपन्या जास्त आल्या. मंदीत त्या कमी हेलकावतात, तेजीत मागे पडतात.

भारतात अशा लांब मालिका क्वचित सापडतात. इथल्या बऱ्याच कंपन्या नफ्याच्या ठरावीक टक्केवारीत लाभांश देतात, त्यामुळे नफ्याबरोबर तो वरखाली होतो. मध्येच विशेष लाभांश आला की पुढच्या वर्षी घट झाल्यासारखी दिसते, आणि बोनस किंवा विभाजनानंतर जुने आकडे समायोजित केले नाहीत तर मालिका विनाकारण तुटलेली वाटते. लाभांश दर्शनी मूल्याच्या टक्क्यांत जाहीर करण्याची रीतही नवख्याला फसवते. २ रुपये दर्शनी मूल्याच्या समभागावर ५०० टक्के लाभांश म्हणजे १० रुपये. समभागाचा भाव १,००० असेल तर यील्ड एकच टक्का. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना लाभांश वाटपाचे धोरण जाहीर करावे लागते. कंपनी नफ्याचा किती भाग वाटू इच्छिते आणि कोणत्या परिस्थितीत हात आखडता घेईल, हे त्या दोन-चार पानांत वाचायला मिळते.

कराने १ एप्रिल २०२० पासून हिशेब बदलला. त्याआधी लाभांश वितरण कर कंपनी भरत असे. आता लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो आणि त्याच्या टप्प्यानुसार कर लागतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यातील पगारदाराच्या १ लाख रुपये लाभांशातून उपकरासह ३१,२०० रुपये जातात, आणि उरलेलेच त्याला पुन्हा गुंतवता येतात. तोच पैसा कंपनीने धंद्यात ठेवला असता तर विक्रीपर्यंत कर लागला नसता. विकतानाही दीर्घकालीन भांडवली नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे साडेबारा टक्के दर आहे. उलट ज्या निवृत्ताचे एकूण उत्पन्न नव्या करप्रणालीतील १२ लाखांच्या सवलतीच्या आत बसते, त्याला २०२५-२६ या आर्थिक वर्षात त्याच लाभांशावर काहीच कर द्यावा लागत नाही. म्हणजे ज्याच्याकडे वाढीसाठी थांबायला बावीस वर्षे आहेत, त्याच्याकडूनच कर या पद्धतीची सर्वांत जास्त किंमत वसूल करतो.